छत्तीस मिनिटं म्हणजे पॉइंट छत्तीस नव्हे

भूगोलाच्या पुस्तकातला एक आकडा आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२°३०′ पूर्व रेखांशावरून ठरते. तोंडाने म्हणताना आपण बिनदिक्कत ‘साडेब्याऐंशी अंश’ म्हणतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, साडेब्याऐंशीला पंधराने भागलं की साडेपाच येतात, म्हणून आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हिशोब चोख आहे. पण हाच रेखांश संगणकातल्या तक्त्यात दशांश चिन्ह वापरून भरायला सांगितला, की बरेच हात आपसूक ८२.३० असं टाइप करतात. खरं उत्तर ८२.५ आहे. दोन्हींत फरक ०.२ अंशाचा, म्हणजे मिर्झापूरच्या परिसरात वीसेक किलोमीटरचा.

अंश-मिनिटं-सेकंदांतले अक्षांश-रेखांश दशांशात आणायची गरज आता केवळ भूगोलाच्या अभ्यासकांना पडते असं नाही. गडकोटांची यादी नकाशावर टाकणारे ट्रेकर, देवरायांच्या नोंदी करणारे वनस्पती अभ्यासक, गावातल्या विहिरींचं सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, या सगळ्यांकडे जुनी माहिती पहिल्या पद्धतीत असते आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरला ती दुसऱ्या पद्धतीत हवी असते. एका रकान्यात दशांश अक्षांश, शेजारच्या रकान्यात दशांश रेखांश, प्रत्येक ओळीला एक जागा. यातलं गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल इतकं सोपं आहे. अडचण अशी की ते चुकलं तरी उत्तर अगदी बरोबर असल्यासारखं दिसतं.

कळसूबाईचा हिशोब

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवरच्या या शिखराचं स्थान साधारण असं दिलं जातं: १९°३६′०४″ उत्तर, ७३°४२′३३″ पूर्व.

एका अंशात ६० मिनिटं आणि एका मिनिटात ६० सेकंद, म्हणजे एका अंशात ३६०० सेकंद. म्हणून अंश तसेच ठेवायचे, मिनिटांना ६०ने भागायचं, सेकंदांना ३६००ने भागायचं आणि तिन्हींची बेरीज करायची. अक्षांशात ३६ भागिले ६० म्हणजे ०.६. चार सेकंद भागिले ३६०० म्हणजे ०.००११. एकोणीस मिळवले की १९.६०११. रेखांशात ४२ भागिले ६० म्हणजे ०.७ आणि ३३ भागिले ३६०० म्हणजे ०.००९२, म्हणून उत्तर ७३.७०९२. झालं काम.

आता घाईत होणारी चूक पाहू. यादी टाइप करणाऱ्याने अंशांनंतर टिंब दिलं आणि पुढचे आकडे सलग लिहिले: १९.३६०४ आणि ७३.४२३३. दिसायला यात काहीही खटकत नाही. एकोणीस आणि त्र्याहत्तर जागेवर आहेत, दशांश चिन्हापुढे चार आकडे आहेत, नकाशाचं सॉफ्टवेअरही कुरकुर न करता बिंदू उमटवतं. पण तो उमटतो ठाणे जिल्ह्यात, शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या भागात. कळसूबाई सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेला आणि ३० किलोमीटर पश्चिमेला सरकली, म्हणजे सरळ रेषेत जवळपास ४० किलोमीटर. ठाणे जिल्ह्यातही डोंगर आहेत आणि गडही आहेत, त्यामुळे परिसर ठाऊक नसलेल्या माणसाला बिंदू पाहून शंका येण्याचं कारण नाही.

दीड तासाला कोणी १.३ तास म्हणत नाही, कारण घड्याळ आपल्या रोजच्या सवयीचं आहे. अंशांच्या बाबतीत तशी सवय नसते आणि टिंब पाहिलं की मन त्याला दशांश चिन्ह समजतं. त्यातच काही जुन्या याद्यांत अंश-मिनिटं-सेकंद वेगळे करायला टिंबच वापरलेलं असतं. १९.३६.०४ असं छापलेलं पाहून दुसरं टिंब चुकून पडलं असावं, असा समज करून घेऊन ते काढून टाकणारेही असतात.

चूक पकडणारा तिसरा आकडा

एखाद्याने तयार केलेली दशांश रकान्यांची यादी तुमच्या हाती आली आणि मूळ कागद जवळ नाही, अशा वेळी ती खरंच दशांशात आणली आहे की नुसती टिंबं बदलली आहेत हे कसं ओळखायचं? एकेक जागा नकाशावर तपासत बसायची गरज नाही. आकडेच चुगली करतात.

नुसती टिंबं बदललेल्या यादीत दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे म्हणजे मुळातली मिनिटं असतात. मिनिटं ५९च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तिथे ६०पासून ९९पर्यंतचा आकडा कधीच येणार नाही. खऱ्या दशांशात मात्र असं बंधन नसतं. ३६ मिनिटांपासून पुढची सगळी मिनिटं दशांशात ०.६०च्या वर जातात, म्हणजे साठांपैकी चोवीस. राज्यभर पसरलेल्या जागांची यादी असेल, तर दर दहा ओळींपैकी साधारण चार ओळींत टिंबानंतर ६, ७, ८ किंवा ९ दिसायला हवा. पन्नास-शंभर ओळींत असा एकही आकडा नसेल तर यादी बिघडलेली आहे, असं खुशाल धरावं.

यादी एकाच तालुक्याची असेल तर मात्र ही कसोटी पुरत नाही. पुणे शहरातल्या सगळ्या जागांचा अक्षांश साडेअठराच्या आसपास असतो, त्यामुळे योग्य दशांशातही टिंबानंतर बहुधा ४ किंवा ५च येईल. अशा वेळी तिसरा आकडा पाहायचा. टिंबानंतरचा तिसरा आणि चौथा आकडा म्हणजे बिघडलेल्या यादीतले सेकंद, आणि सेकंदही ५९च्या पुढे जात नाहीत. म्हणून बिघडलेल्या रकान्यात तिसऱ्या स्थानी ६, ७, ८, ९ हे आकडे सापडणारच नाहीत. खऱ्या दशांशात शून्यापासून नवापर्यंतचे सगळे आकडे तिथे मिसळून येतात, मग जागा एकाच तालुक्यातल्या का असेनात.

ही मोजणी तक्त्याकडूनच करून घेता येते. दशांश अक्षांश F रकान्यात दुसऱ्या ओळीपासून पाचशेव्या ओळीपर्यंत असतील, तर कोणत्याही रिकाम्या चौकटीत हे लिहावं:

```
=SUMPRODUCT(--(MOD(INT(ROUND(ABS(F2:F500)*10000,0)/10),10)>=6))
```

तिसऱ्या स्थानी सहा किंवा त्याहून मोठा आकडा असलेल्या ओळी किती, हे यातून कळतं. निरोगी यादीत ही संख्या एकूण ओळींच्या चाळीस टक्क्यांच्या आगेमागे येते. ती शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ आली तर मूळ कागद शोधायला लागावं. संख्या मधलीच कुठली तरी, पंधरा-वीस टक्के अशी आली, तर बहुधा दोन वेगवेगळ्या माणसांनी भरलेल्या याद्या एकाखाली एक जोडल्या गेल्या आहेत. मग अर्धी-अर्धी यादी करून हीच मोजणी पुन्हा करायची. जोड कुठे आहे ते लवकरच सापडतं.

तिसरी पद्धत, जी दोन्हींसारखी दिसते

अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांश अंश यांच्या मधोमध आणखी एक पद्धत आहे: पूर्ण अंश आणि दशांशातली मिनिटं. हातात धरायच्या जीपीएस यंत्रांत ती सर्रास दिसते. यंत्रावर १९°३६.०४२′ असं दिसतं. त्याचा अर्थ १९ अंश आणि ३६.०४२ मिनिटं. सेकंद इथे वेगळे लिहिलेलेच नाहीत. दशांश अंश हवे असतील तर ३६.०४२ला ६०ने भागून एकोणिसात मिळवायचं: १९.६००७.

पण वहीत उतरवणारा माणूस ३६ मिनिटं ४२ सेकंद असं वाचतो. प्रत्यक्षात ०.०४२ मिनिट म्हणजे जेमतेम अडीच सेकंद. बेचाळीस आणि अडीच यांच्यातला फरक जमिनीवर सव्वा किलोमीटरच्या घरात जातो. हे चाळीस किलोमीटरच्या चुकीपेक्षा वाईट. चाळीस किलोमीटर सरकलेली विहीर दुसऱ्या तालुक्यात जाते आणि कधी ना कधी कोणाच्या तरी नजरेला पडते. सव्वा किलोमीटर सरकलेली विहीर शेजारच्या वाडीत जाऊन बसते आणि तिथेच राहते.

ओळखायची खूण एकच आहे: सेकंदांच्या जागी ६० किंवा त्याहून मोठा आकडा. ३६.०८५ मिनिटं कोणी ३६ मिनिटं ८५ सेकंद म्हणून उतरवली असतील, तर ते ८५ लगेच डोळ्यात भरतात. यादीत असा एक जरी आकडा सापडला, तरी तेवढीच ओळ दुरुस्त करून थांबू नये. ज्या ओळींत सेकंद साठच्या आत दिसताहेत त्याही त्याच यंत्रावरून, त्याच हाताने उतरवलेल्या असतात. तिथे चूक फक्त लपलेली आहे.

तक्त्यात प्रत्यक्ष करताना

पाच-दहा जागांसाठी कॅल्क्युलेटर पुरतो. शेकडो ओळी असल्या की गुगल शीट्स किंवा एक्सेलसारखा तक्ता हवा, आणि तिथे पहिला अडथळा गणिताचा नसून चिन्हांचा असतो. अंशाच्या गोलासारखीच दिसणारी दोन-तीन वेगवेगळी चिन्हं संगणकात आहेत. मिनिटासाठी कोणी सरळ अवतरणचिन्ह वापरतं, कोणी वळणदार. सेकंदासाठी कोणी दुहेरी अवतरण टाकतं, तर कोणी एकेरी अवतरण दोनदा. डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं, संगणकाला मात्र ती वेगवेगळी अक्षरं वाटतात. म्हणून ‘अंशाच्या चिन्हापाशी तोड, मग मिनिटाच्या चिन्हापाशी तोड’ असं सूत्र लिहिलं, की ते दहा ओळींत चालतं आणि अकरावीत अडतं.

त्यापेक्षा चिन्हांकडे दुर्लक्ष करून फक्त आकड्यांचे तीन गट उचलावेत. A रकान्यात अक्षांश आणि B रकान्यात रेखांश मूळ स्वरूपात आहेत असं धरू. गुगल शीट्समध्ये C2 या चौकटीत हे सूत्र लिहिलं, की अंश, मिनिटं आणि सेकंद अनुक्रमे C, D आणि E रकान्यांत पसरतात:

```
=REGEXEXTRACT(A2,"(\d+)[^\d.]+(\d+)[^\d.]+([\d.]+)")
```

मग F2मध्ये दशांश अक्षांश:

```
=(C2+D2/60+E2/3600)*IF(REGEXMATCH(A2,"[SWsw]|^ *-"),-1,1)
```

रेखांशासाठी B2 धरून पुढच्या चार रकान्यांत हीच कृती करायची.

पहिल्या सूत्रातला `[^\d.]+` हा तुकडा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. त्याचा अर्थ, दोन गटांच्या मध्ये काहीही चालेल, पण आकडा किंवा टिंब चालणार नाही. तिथे टिंबालाही मुभा दिली असती, तर जीपीएसवरच्या १९°३६.०४२′ या नोंदीचे सूत्राने निमूटपणे १९, ३६ आणि ०४२ असे तीन तुकडे केले असते, म्हणजे वर सांगितलेली सव्वा किलोमीटरची चूक आता संगणकाने केली असती, तीही शेकडो ओळींत एकदम. टिंबाला मज्जाव केल्यामुळे अशा ओळीत उत्तराऐवजी #N/A उमटतं. सेकंद लिहिलेलेच नाहीत अशा ओळींतही तसंच होतं. तक्ता #N/A दाखवतो तेव्हा वैतागू नये. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणारं सूत्र केव्हाही बरं. त्या ओळी वेगळ्या काढून डोळ्यांनी पाहाव्यात.

मराठी याद्यांत आणखी एक गोष्ट होते. आकडे देवनागरीत असतील, तर शीट्समधलं `\d` ते ओळखत नाही आणि तिथेही #N/A येतं. शोधा-आणि-बदला करून दहाही अंक रोमन लिपीतल्या अंकांत बदलून घेतले की काम सुरळीत होतं. हे बदल मूळ रकान्यात नको, त्याच्या प्रतीत करावेत.

सूत्रांची भीती वाटणाऱ्यांसाठी एक साधी युक्तीही आहे. चौकटीत `19:36:04` असं टाइप केलं की तक्ता त्याला वेळ समजतो. तक्त्याच्या पोटात वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक असतो, त्यामुळे शेजारच्या चौकटीत त्याला २४ने गुणलं आणि चौकटीचं स्वरूप ‘वेळ’ऐवजी ‘संख्या’ केलं, की १९.६०११ मिळतं. तास आणि अंश दोन्हींचे साठ-साठ भाग करण्याची प्रथा एकच असल्यामुळे हे जमतं. `73:42:33` हेही चालतं, तक्ता त्याला त्र्याहत्तर तास समजतो. शून्याखालच्या आकड्यांसाठी मात्र ही वाट धरू नये.

ऋण चिन्हाची जागा

महाराष्ट्र आणि गोव्यापुरतं काम असेल तर दिशेचा विचार फारसा करावा लागत नाही. सगळ्या जागा विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि ग्रिनिचच्या पूर्वेला आहेत, म्हणून दोन्ही आकडे धन. संगणकात दक्षिण आणि पश्चिम ऋण चिन्हाने दाखवतात. यादी समुद्रापलीकडे गेली की याचं भान ठेवावं लागतं.

मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे. तिथली राजधानी पोर्ट लुई अंदाजे २०°१०′ दक्षिण, ५७°३०′ पूर्व या ठिकाणी आहे. दशांशात −२०.१६६७ आणि ५७.५. ऋण चिन्ह विसरलं तर बिंदू विषुववृत्ताच्या अलीकडे येऊन ओमानच्या वाळवंटात, दुक्म बंदराच्या उत्तरेला पडतो. ही चूक नकाशावर चटकन दिसते. दुसरी चूक जास्त लबाड आहे. अंशांना ऋण चिन्ह लावलं आणि मग नेहमीच्या सवयीने मिनिटं मिळवली: −२० अधिक ०.१६६७, म्हणजे −१९.८३३३. इथे मिनिटांनी आपल्याला दक्षिणेला न्यायला हवं होतं, त्यांनी उलट उत्तरेला नेलं. बिंदू खऱ्या जागेपासून ३७ किलोमीटर उत्तरेला, बेटाच्या बाहेर समुद्रात जातो.

उपाय सोपा आहे. आधी तिन्ही भाग धन समजून पूर्ण बेरीज करायची आणि चिन्ह शेवटी, एकदाच लावायचं. वरच्या सूत्रात कंसातली बेरीज पुरी झाल्यावर −१ने गुणलं आहे ते याचसाठी. लंडनच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. बिग बेन ग्रिनिचच्या पश्चिमेला फक्त ७ मिनिटांवर आहे, अंश शून्य. शून्याला ऋण चिन्ह लावून उपयोग नसतो, कारण ऋण शून्यात सात मिनिटं मिळवली तरी उत्तर धनच येतं आणि बिग बेन ग्रिनिचच्या पूर्वेला जाऊन उभं राहतं.

चौकट आखून तपासणी

रूपांतर झाल्यावर पूर्ण रकान्याची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत पाहावी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जागेचा अक्षांश १५ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ या चौकटीतच असला पाहिजे. या दोन पट्ट्या एकमेकींपासून इतक्या लांब आहेत, की रकाने उलटसुलट झाले तर लपून राहत नाहीत. अक्षांशाच्या रकान्यात ७३.७ दिसलं की समजावं, अदलाबदल झाली आहे. ती तशीच नकाशावर टाकली तर कळसूबाई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.

ही अदलाबदल बहुतेक वेळा निष्काळजीपणाने होत नाही. बोलताना आणि लिहिताना अक्षांश आधी येतो. गुगल मॅप्सच्या शोधपट्टीतही आधी अक्षांशच लागतो. पण नकाशाची बरीच सॉफ्टवेअर आलेखाच्या नियमाने चालतात: आधी आडवा अक्ष, मग उभा. आडवा म्हणजे पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश. म्हणून QGIS मध्ये यादी उघडताना X रकाना कोणता असं विचारलं जातं तेव्हा रेखांशाचा रकाना द्यायचा आणि Yसाठी अक्षांशाचा. GeoJSON प्रकारच्या फायलींतही रेखांश आधी असतो.

जागा जुन्या टोपोशीटवरून घेतल्या असतील तर याहून बारीक चौकट आयती मिळते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारांस एक प्रमाणाचा नकाशा दोन्ही दिशांना १५ मिनिटांचा असतो. पंधरा मिनिटं म्हणजे पाव अंश, त्यामुळे अशा प्रत्येक पत्रकाच्या कडा दशांशात .००, .२५, .५० किंवा .७५ यांवरच येतात. कळसूबाई ज्या पत्रकावर आहे त्याच्या कडा १९.५० ते १९.७५ आणि ७३.५० ते ७३.७५. या पत्रकावरून वाचलेली कोणतीही जागा या सीमांच्या बाहेर पडली, तर वाचण्यात किंवा रूपांतरात चूक आहे.

टिंबानंतर किती आकडे?

कळसूबाईच्या चार सेकंदांना ३६००ने भागलं की कॅल्क्युलेटर ०.००११११११११ असं दाखवतो आणि बरेच जण अक्षांश १९.६०१११११११ असा पूर्ण उतरवतात. यात चूक नाही, पण बतावणी आहे. अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर असतो, एक मिनिट १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद ३१ मीटर. दशांशात चौथ्या स्थानाचा एक आकडा म्हणजे ११ मीटर आणि पाचव्याचा जेमतेम १.१ मीटर. आठव्या स्थानाचा आकडा मिलिमीटरच्या हिशोबात जातो. ज्या नोंदीत जागा सेकंदापर्यंतच, म्हणजे ३१ मीटरच्या पट्ट्यापर्यंतच सांगितली आहे, तिच्यातून मिलिमीटर कुठून येणार?

पूर्ण सेकंद दिलेले असतील तर दशांश चिन्हानंतर चार आकडे पुरतात. चार आकड्यांवरून उलटा हिशोब केला तरी तोच सेकंद परत मिळतो, काहीही हरवत नाही. सेकंदांतही दशांश दिले असतील तर पाच किंवा सहा ठेवावेत. पोर्ट लुईसारखी नोंद नुसत्या मिनिटांत असेल तर २०.१६६७ मधले शेवटचे दोन आकडे हे फक्त भागाकाराचं फलित आहे. असा बिंदू खऱ्या जागेपासून किलोमीटरभर इकडे-तिकडे असू शकतो, आणि हे दशांश रकाना पाहून कोणालाच कळत नाही. म्हणून शेजारी एक रकाना खात्रीसाठी ठेवावा: मूळ नोंद मिनिटापर्यंत होती की सेकंदापर्यंत, आणि जागा किती मीटर इकडे-तिकडे असू शकते. जैवविविधतेच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डार्विन कोअर या मानकात यासाठी `coordinateUncertaintyInMeters` नावाचा वेगळा रकानाच आहे.

भागाकाराने न सुटणारा फरक

सगळं नीट करूनही कधी कधी जुन्या टोपोशीटवरून घेतलेल्या जागा उपग्रहाच्या चित्रावर एकसारख्या एकाच बाजूला सरकलेल्या दिसतात. देऊळ आहे तिथून शंभर मीटरच्या आसपास बाजूला, पाणवठाही तितकाच आणि त्याच दिशेला. इथे रूपांतराचा दोष नाही. अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा एक ठरावीक आकार गृहीत धरावा लागतो. जुने भारतीय नकाशे एकोणिसाव्या शतकातल्या एव्हरेस्ट यांच्या नावाच्या आकारावर बेतलेले होते. जीपीएस WGS84 नावाचा वेगळा आकार धरतं. त्यामुळे एकाच दगडाला दोन पद्धतींत थोडे वेगळे अक्षांश-रेखांश मिळतात. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी निघालेले खुल्या मालिकेचे नकाशे WGS84वर आहेत.

या दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखता येतात. टिंबाची किंवा सेकंदाची चूक प्रत्येक ओळीला वेगवेगळ्या अंतरावर फेकते. आकाराचा फरक सगळ्या ओळींना जवळपास सारखाच आणि एकाच दिशेला सरकवतो. पहिली चूक मूळ कागद पुन्हा वाचून सुधारायची असते, दुसरी QGIS सारख्या सॉफ्टवेअरला यादी कोणत्या आकारावरची आहे हे सांगून. अंदाजाने सगळ्या आकड्यांत थोडं मिळवून किंवा वजा करून बिंदू देवळावर आणायचा मोह टाळावा. तसं केलेलं मागाहून कोणालाच कळत नाही आणि पुढची दुरुस्ती त्या दुरुस्तीवर चढते.

यासाठी मूळ रकाना कधीही पुसायचा नसतो. १९°३६′०४″ हे जसं छापलं किंवा लिहिलं होतं तसंच, चिन्हांसकट पहिल्या रकान्यात राहू द्यावं. दशांश त्याच्या शेजारी, आणि त्यापुढे नोंद कुठून घेतली, कोणत्या पत्रकावरून, कोणत्या यंत्रावरून हे लिहावं. डार्विन कोअरमध्येही `verbatimLatitude` आणि `decimalLatitude` हे दोन वेगळे रकाने आहेत. दशांश चुकले तर मुळावरून ते मिनिटभरात पुन्हा काढता येतात. मूळ गेलं आणि हाती नुसतं १९.३६०४ उरलं, तर ती कळसूबाई आहे की मुरबाडजवळची एखादी टेकडी, हे ठरवायला त्या जागेवर जाण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.